साहेब वाचणारा की ऐकणारा?

उरलेल्या महाराष्ट्रात साहेब तापला की त्याच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं : "गडचिरोलीला पाठवीन." पुण्या-नाशिकचा कर्मचारी एवढ्यावर वठणीवर येतो म्हणतात. पंचाईत होते ती आमच्याकडच्या साहेबाची. माणूस मुळातच गडचिरोलीत बसलेला. त्याला आणखी पाठवायचं कुठे? मग जिल्ह्यातल्या जिल्ह्यात घसरगुंडी सुरू होते. आधी अहेरी, मग एटापल्ली, मग भामरागड आणि शेवटी सिरोंचा. सिरोंच्याच्या पुढे नदी लागते, नदीपलीकडे तेलंगण, आणि धमकी राज्याच्या हद्दीवर येऊन थांबते.

खरं तर ती त्याआधीच थांबते. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याप्रमाणे एका जागी साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ धरलेला आहे. तो संपण्याआधी हलवायचं तर कारण लेखी द्यावं लागतं आणि वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. म्हणजे धमकी देणाऱ्या साहेबाला आधी त्याच्या साहेबाकडे जाऊन उभं राहावं लागतं. पण नव्यानं लागलेल्या पोरांना हे ठाऊक नसतं आणि सांगण्याची साहेबाला काही गरज नसते.

माझी भाची अशीच गडचिरोलीच्या दक्षिणेकडच्या एका तालुक्याला कनिष्ठ लिपिक म्हणून लागली. मी चंद्रपुरात उभा जन्म कारकुनी करून निवृत्त झालेला, पण घरचा वैद्य कोणाला चालतो? तिनं पुस्तकं मागवली. कठीण साहेबाला कसं हाताळावं, सहकाऱ्यांशी खटके कसे टाळावेत, मन शांत ठेवून "नाही" कसं म्हणावं. सुट्टीत ती चंद्रपूरला आली की पुस्तकं माझ्या टेबलावर ठेवून जायची. निवृत्त माणसाला वेळ भरपूर, आणि ज्या साहेबांना आपण हाताळू शकलो नाही त्यांना निदान कागदावर हाताळण्याचा आनंदही काही कमी नाही.

ही पुस्तकं बहुतेक अमेरिकेतली. रॉबर्ट सटन नावाच्या प्राध्यापकानं २००७ साली एक काढलं, त्याच्या नावातच अशी शिवी आहे की ती इथं छापली तर संपादक मलाच कारणे दाखवा नोटीस देतील. दहा वर्षांनी त्यानं त्याचाच पुढचा भाग लिहिला, अशा माणसांच्या हाताखाली तगून कसं राहावं यावर. त्यातले सल्ले सरळ आहेत. जमलं तर नोकरी सोडा. नाहीच जमलं तर त्या माणसापासून अंतर ठेवा. अंतराची सोय गडचिरोली जिल्ह्यात शासनानंच करून ठेवली आहे. जिल्ह्याचं ठिकाण ते सिरोंचा दोनशेच्या आसपास किलोमीटर, आणि मधल्या जंगलात मोबाइलचा टॉवर साहेबापेक्षा लहरी. राहिली नोकरी सोडण्याची गोष्ट. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत ऐन तारुण्य घालवून ती मिळालेली असते, घरी अजून पेढ्याचा डबा रिकामा झालेला नसतो.

सोडण्याच्या बाबतीत आपले जुने लोक फार हळवे होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाचव्या अधिकरणात राजाच्या नोकरानं कसं वागावं हे सांगितलं आहे, आणि राजाची मर्जी फिरल्याची लक्षणंही. जागच्या जागी ओळखा आणि निघा, असा त्याचा रोख. त्यात मागच्या मंत्र्यांचे दाखले आहेत : एकानं क्रौंच पक्षी डावीकडून गेला म्हणून राजाला सोडलं, तर एकानं कुत्रं भुंकलं म्हणून. आमच्याकडे पक्षी दिवसभर डावीकडूनच जातात आणि कुत्री तर कचेरीच्या ओसरीतच झोपतात. कौटिल्याच्या हिशेबानं सगळा तालुका मार्चअखेर रिकामा होईल.

या सगळ्या ढिगातून मला खरं कामाचं वाटलं ते एक जुनं लिखाण. जॉन गॅबारो आणि जॉन कॉटर या हार्वर्डच्या दोघांनी १९८० साली लिहिलेला लेख, पुस्तकही नव्हे. त्यांचं म्हणणं असं की साहेब तुमच्यावर अवलंबून असतो हे साहेब विसरतो आणि तुम्हीही विसरता. तुमच्या हातून चुकीचा कागद गेला तर त्याचीही मान अडकते. म्हणून आधी हे पाहा, की त्याला माहिती कशी पचते. काही साहेब वाचणारे, काही ऐकणारे. हा भेद मुळात पीटर ड्रकरचा. वाचणाऱ्याला आधी कागद द्यावा, मग बोलावं. ऐकणाऱ्याशी आधी बोलावं, मग तेच लिहून पाठवावं.

भाचीचा साहेब ऐकणारा, किंबहुना बोलणारा. नस्ती उघडायला त्याला आवडत नसे. सगळा कारभार फोनवर.

एकदा पावसाळ्यात त्याचा फोन आला. भाड्याच्या जीपचं बिल आलं आहे, भामरागडकडच्या पूरपाहणीचं. ते आजच्या आज टाकून दे, सही मी नंतर करतो. बिलावर तारीख होती, आणि त्या तारखेला पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहत होतं हे तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल. जवळजवळ दर पावसाळ्यात ती नदी भामरागडचा रस्ता तोडते. जीप गेली कुठून?

भाचीनं आधी पुस्तकाचा मार्ग धरला. "तुम्ही चुकता" असं म्हणायचं नाही, "मला असं वाटतं" असं म्हणायचं, हा त्यातला मंत्र. तिनं फोनवर म्हटलं, "साहेब, मला थोडी अडचण वाटते जी." साहेब म्हणाले, "तुला काय वाटते ते वाटू दे, बिल टाक." संवादकला तिथं संपली. रात्री मला फोन.

"मामा, आता मी काय करू? नाही म्हणलं तर माझा अहवाल बिघडवते. हो म्हणलं तर मीच फसते."

मी म्हटलं, "दोन्ही म्हणू नको. टिपणी टाक."

हे त्या पुस्तकांत नाही, कारण तिकडे नस्ती नाही. आमच्याकडे वर्तणूक नियम आहेत, १९७९ चे. त्यातला तिसरा नियम सांगतो, की वरिष्ठाच्या निर्देशावरून काम करायचं तर तो निर्देश शक्यतो लेखी घ्यावा, आणि तोंडी घ्यावाच लागला तर शक्य तितक्या लवकर त्याला लेखी दुजोरा मिळवावा. तोंडी आदेश लेखी करून मागणं हा उद्धटपणा नाही, ते कर्तव्य आहे. पण मागायचा कसा, यात सगळी कला. "लेखी द्या" असं तोंडावर म्हटलं की साहेबाला त्यात पोलीस ठाणं दिसतं. म्हणून नुसतं मांडायचं.

आम्ही दोघांनी मिळून मजकूर जुळवला. सोबतचं देयक कृपया अवलोकनार्थ. मा. साहेबांनी आज दूरध्वनीवरून दिलेल्या सूचनेनुसार सादर. देयकावरील दिनांकास पुलावरून पाणी असल्यानं मार्ग बंद होता. वाहनाचे लॉगबुक देयकासोबत प्राप्त नाही. तरी दिनांकाची खातरजमा होऊन आदेश व्हावेत, ही विनंती. खाली सही, तारीख. विशेषण एकही नाही, संशयाचा शब्द नाही, "खोटं" तर नाहीच. काय आलं, कोणाच्या सांगण्यावरून मांडलं, कुठं अडलं, एवढंच. आणि नस्ती वर जाण्याआधी हे सगळं फोनवर सांगून टाक, म्हटलं. साहेब ऐकणारा आहे. कागद पाहून दचकला की बिघडतं.

नस्ती गेली आणि बसली. साहेबाच्या टेबलावर नस्ती किती दिवस बसते त्यावरून तो किती विचारात पडला आहे ते कळतं. मग परत आली. शेरा दोन शब्दांचा : "चर्चा करावी."

इथं नवखी मुलं हमखास गळपटतात. हा शेरा म्हणजे मराठी प्रशासनातलं सगळ्यात सुरक्षित वाक्य. त्यात होकार नाही, नकार नाही, जबाबदारी तर औषधालाही नाही. मुलगा आत जातो, साहेब तोंडी सांगतो, मुलगा बाहेर येऊन काम करून टाकतो, आणि लेखापरीक्षक येतो तेव्हा कागदावर एवढंच उरतं, की यानं काहीतरी विचारलं होतं आणि मग आपल्या मनानं केलं. चर्चा झाल्यावर त्याच शेऱ्याखाली लिहायचं असतं : "आदेशानुसार चर्चा केली. चर्चेत पुढीलप्रमाणे निर्देश झाले." आणि पुन्हा वर पाठवायचं. गॅबारो आणि कॉटर बिचारे हेच सांगत होते. फक्त त्यांना हिरवी शाई माहीत नव्हती.

भाची चर्चेला गेली. साहेबांनी गाडीवाल्याला फोन लावला, लॉगबुक मागवलं, आणि निघालं काय, तर जीप खरंच गेली होती. पाणी ओसरल्यावर, दोन दिवसांनी. गाडीवाल्याच्या पोरानं बिलावर तारीख ठोकून दिली होती. साहेब लबाड नव्हता, आळशी होता. बिल तसंच गेलं असतं तर आक्षेप साहेबाच्याही नावावर निघाला असता. नवं बिल आलं, लॉगबुक जोडलं, सही झाली. आभार वगैरे कोणी मानले नाहीत, आमच्या खात्यात तशी पद्धतही नाही. एवढंच, की नंतरच्या फोनात साहेब शेवटी म्हणायला लागले, "आणि टिपणी टाकून दे."

प्रत्येक साहेब असा निघत नाही, हे मान्य. बिल खरोखरच खोटं असतं तर नस्तीवर भाचीची शंका तिच्या सहीनिशी राहिली असती आणि पुढचा आदेश साहेबाच्या सहीचा झाला असता. टिपणी एवढंच करते. साहेबाचा स्वभाव बदलत नाही, त्याची ओरडही कमी करत नाही. आणि काही गोष्टी टिपणीच्याही नाहीत. साहेब अंगचटीला येत असेल, नको ते बोलत असेल, तर तिथं हाताळण्याची पुस्तकं बंद करावीत. त्याला २०१३ चा कायदा आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत, लेखी. दहापेक्षा कमी माणसांच्या कचेरीत अंतर्गत समिती नसते, आणि आमच्याकडे तशा कचेऱ्याच जास्त. तिथं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. हे तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

आता तिला घोर आहे गोपनीय अहवालाचा. साहेबानं वाईट लिहिलं तर? मी तिला देव दत्त यांची गोष्ट सांगितली. सीमा रस्ते विभागातले कार्यकारी अभियंता. त्यांच्या एका वर्षाच्या अहवालात शेरा होता "चांगला". माणूस खूश राहणारच. पण बढतीला पाचही वर्षे "अति चांगला" हवा होता, म्हणून त्या "चांगल्या"नंच त्यांची बढती अडवली, आणि तो शेरा त्यांना कोणी कळवलाही नव्हता. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शेरा वाईट असो वा चांगला, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर दाद मागता येते.

"म्हणजे माझ्या अहवालात साहेबानं 'चांगली' लिहिलं तर मी भांडू?" तिनं विचारलं.

"भांडू नको. मुदतीत अभिवेदन दे. कोणत्या नस्तीत काय मांडलं होतं ते क्रमांकानिशी लिही."

"मग त्या टिपणीची झेरॉक्स घरी आणून ठेवू?"

"नस्तीचा कागद घरी आणायचा नाही. क्रमांक आणि तारीख आपल्या डायरीत लिही. लागली तर प्रत माहितीच्या अधिकारात मागू. पावसाळ्याआधी मागू, नंतर तुमच्याकडे टपाल पोचत नाही."