पोटभाडेकरू

आमचा कुत्रा बंड्या आणि मांजर सोनी यांचं आयुष्यात एकाच गोष्टीवर एकमत झालं: पिसवांना थारा द्यायचा. गंमत म्हणजे कुत्र्यांच्या अंगावरही बहुतेकदा मांजरपिसूच सापडते. बंड्याला हे कळू दिलेलं नाही.

निदान घरच्या घरी झालं. बंड्याला विंचरल्यावर फणीत काळी रवाळ भुकटी आली. आई म्हणाली, “माती आहे, लोळतो कुठेतरी.” ती भुकटी ओल्या टिश्यूवर टाकली, तर भोवती तांबडा डाग पसरला. माती अशी रंग सोडत नाही. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे बंड्याचंच पचलेलं रक्त.

शेजारच्या काकांनी बंड्याचं औषध अर्धं सोनीला लावायचा काटकसरी सल्ला दिला. डॉक्टरांनी तो ऐकून डोक्याला हात लावला. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. त्याने मांजराला झटके येतात, जीवही जाऊ शकतो. मग दोघांना वजनाप्रमाणे वेगवेगळे थेंब मिळाले. ते मानेवर, केस बाजूला सारून, कातडीवर सोडायचे. जीभ पोचत नाही अशी तेवढीच जागा.

“पण अंगावर दिसतात त्या शंभरातल्या पाच,” डॉक्टर म्हणाले. “बाकीच्या अंडी, अळ्या, कोश होऊन तुमच्या घरात आहेत.” अंडी गुळगुळीत असल्याने अंगावरून घरंगळतात, आणि प्राणी जिथे झोपतो तिथेच जास्त साठतात. बंड्या गालिच्यावर झोपतो. सोनी आईच्या गोधडीत. आईने त्या रात्रीपासून सोनीशी बोलणं सोडलं.

गोधड्या, चादरी, उशांचे अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुतले. गालिच्यावर रोज व्हॅक्यूम फिरू लागला, सोफ्याखालीही, कारण अळ्यांना उजेड सोसत नाही. जमलेली धूळ पिशवीत बांधून लगेच घराबाहेर.

आणि आठवड्याने पिसवा वाढल्या! आईने औषध नकली ठरवलं. खरा गुन्हेगार कोश. त्याच्या चिकट आवरणातून फवारा आत जात नाही. आतली पिसू ऊब, हादरा आणि श्वासाची चाहूल लागेपर्यंत काही महिनेही थांबू शकते. त्यामुळे “गावाला जाऊन या, उपाशी मरतील” हा काकांचा दुसरा सल्लाही बाद; परत येऊन दार उघडलं की सगळ्या एकदम स्वागताला! उलट व्हॅक्यूमच्या हादऱ्याने त्या लवकर बाहेर येतात, औषध लावलेल्या बंड्यावर उडी घेतात आणि मरतात. म्हणून थेंब दर महिन्याला, किमान तीन महिने, खाजवणं थांबलं तरी.

तीन महिन्यांनी ओला टिश्यू पांढराच राहिला. आई मात्र नकोशा पाहुण्यांना फोनवर अजून सांगते, “या ना, अवश्य या. फक्त घरात पिसवा आहेत हो!”