पार्टीप्रमुख

प्रत्येक आयटी कंपनीत असा एक जण असतोच. हुद्दा सीनियर इंजिनियरचा, पिंड मात्र लग्नघरच्या मामाचा. प्रोजेक्ट लाइव्ह गेलं की मॅनेजर त्याच्याकडे बघतो आणि म्हणतो, "माणशी पाचशे मंजूर झालेत. तूच बघ."

पहिल्याच आठवड्यात पार्टी ठेवायची चूक नवशिके करतात. लाँचनंतर बग निघत राहतात, आणि केक कापायच्या वेळी निम्मी टीम सर्व्हरशी झुंजत असते. म्हणून हा निदान दोन आठवडे थांबतो. फक्त तिमाही संपायच्या आत, नाहीतर मंजूर पैसे परत जातात.

टीम अठराजणांची, म्हणजे नऊ हजार रुपये. अकरा पुण्यात, सहा नागपूर-कोल्हापूरपासून गुवाहाटीपर्यंत विखुरलेले, एक जर्मनीत. बाकीचे हॉटेल शोधत बसतात, हा आधी घड्याळ बघतो. जूनमध्ये भारतात दुपारचे चार म्हणजे जर्मनीत साडेबारा. तिकडे जेवणाची वेळ, इकडे चहाची. वेळ चारची ठरली की थाळी आपोआप बाद होते आणि बटाटेवडा, जिलबी, चहा यांत माणशी तीनशेत भागतं. म्हणजे पुण्याचे तेहतीसशे.

सहाजणांना कुरिअरसकट पाचशेचं पार्सल: बाकरवडी, चिवडा, शेंगदाण्याची चिक्की. फूड ॲपची कूपनं तो देत नाही, कारण एकाच्या गावात ते ॲपच पोचलेलं नाही. पार्सल दोनच दिवस आधी पोचेल असं पाठवायचं. मागच्या वेळी आठवडाभर आधी गेलं, तेव्हा नागपूरकराने कॅमेऱ्यापुढे रिकामा पुडा धरला होता. पोरांनी कार्यक्रम आधीच उरकला होता.

जर्मनीला पेढे पाठवा, असं कुणीतरी सुचवतंच. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या खासगी पार्सलमधून दुधाचे पदार्थ चालत नाहीत, हे त्याला पाठ आहे. "तिथेच केक घे, बिल पाठव," एवढंच तो कळवतो आणि त्यासाठी दीड हजार बाजूला काढतो.

व्हिडिओ कॉलवर समूहगान तो होऊ देत नाही. आवाज मागेपुढे पोचतात, शिवाय सॉफ्टवेअर टाळ्यांना आणि गाण्याला गोंगाट समजून दाबून टाकतं. पुण्यातले अकराही जण आपापला लॅपटॉप उघडून, माइक बंद ठेवून बसतात. नाहीतर गुवाहाटीच्या वाट्याला कॉन्फरन्स रूमचं छत आणि बशांचा आवाज येतो. बोलायचं एकेकाने, तेही बाहेरगावच्यांनी आधी.

उरले बाराशे. ते कशाला ठेवलेत, हे तो कुणाला सांगत नाही. चार वाजता कंत्राटावरचे दोन टेस्टर, ऑफिसबॉय आणि रखवालदार येतात. कंपनीच्या माणशी हिशेबात त्यांची नावं नसतात, त्याच्या वड्यांच्या हिशेबात असतात.

पुढे तीन दिवस अकाउंट्स. कुरिअरची पावती पास होते, वड्यांचं बिलही. जर्मन बेकरीच्या बिलावर मात्र शेरा येतो: जीएसटी नंबर दिसत नाही, दुकानदाराकडून मागवून घ्यावा.