आधी परतीचं बोला

आमच्या मधूकाकांना सहलीचं सांगायला गेलं की ते ‘कुठे’ असं विचारत नाहीत. ते विचारतात, “परत कधी?” माणूस अजून निघालेलाही नसतो. घरात दोन दिवस कुजबुज करून, काकूंना फितवून, मुलांच्या परीक्षा सांभाळून आपण एक रविवार शोधलेला असतो, आणि हा गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून म्हणतो, “जायचं काय, जाता कसंही येतं. आधी परतीचं बोला.”

या वाक्याला इतिहास आहे. माझ्या लहानपणी सातारा जिल्ह्यातल्या एका आडगावी आम्ही देवदर्शनाला गेलो होतो. सकाळी तालुक्याहून बस मिळाली. कंडक्टरला विचारलं, शेवटची गाडी कितीला? तो म्हणाला, साडेसात. आम्ही निवांत. दर्शन, जेवण, ओढ्यात पाय सोडून बसणं, सगळं झालं. साडेसातला धूळ उडवत गाडी आली. आम्ही पिशव्या उचलून दाराशी धावलो, तर ड्रायव्हर खाली उतरला, सीटमागून घोंगडी आणि जेवणाचा डबा काढला आणि देवळाच्या दिशेने चालू लागला. ती वस्तीची गाडी होती. येणारी शेवटची. रात्री गावात झोपणारी आणि पहाटे तालुक्याला जाणारी. आम्हीही मग देवळातच झोपलो, ड्रायव्हरपासून दोन खांब सोडून.

त्या रात्री काका झोपले नाहीत. पहाटे त्यांनी जाहीर केलं, “गाड्या गावच्या लोकांसाठी असतात रे. गावचा माणूस सकाळी तालुक्याला जातो, संध्याकाळी परततो. आपण सगळं त्याच्या उलट करतो. म्हणून त्याची शेवटची गाडी साडेसातला, आणि आपली शेवटची दुपारी साडेतीनलाच गेलेली असते.” तेव्हापासून ते कुठल्याही स्टँडवर ‘शेवटची गाडी कितीला’ असं विचारत नाहीत. ते विचारतात, “इथून सुटणारी शेवटची कितीला, आणि ती वस्तीची तर नाही ना?” हा प्रश्न ते कंडक्टरला विचारतात, मग कंट्रोलरला, मग चहावाल्याला. तिघांची उत्तरं जुळली नाहीत तर चहावाल्याचं खरं धरतात. त्याला रात्री दुकान बंद करून स्वतःच्या घरी जायचं असतं, हे त्यांचं कारण.

काकांची खरी कला पाहायची तर अलिबागला जावं. मुंबईकराला अलिबाग म्हणजे किरकोळ गोष्ट. गेटवेला लाँचमध्ये बसा, तासाभरात मांडवा, तिथून लाँचवाल्यांचीच बस, पाऊण तासात अलिबाग. पण कुलाबा किल्ला पाण्यात आहे. ओहोटी असली तरच चालत जाता येतं. म्हणजे परतीच्या दोन वेळा झाल्या, एक मांडव्याच्या लाँचची आणि एक समुद्राची. पहिली फलकावर लिहिलेली असते. दुसरीसाठी काका भिंतीवरचं कॅलेंडर काढतात.

“तिथीची पाऊणपट,” ते बोट नाचवत सांगतात. कोकणातला जुना हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. तिथून सहा तास आणि वर थोडी मिनिटं गेली की पूर्ण ओहोटी. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती. ओहोटी मग सकाळी नऊच्या सुमारास, तेव्हा आपण लाँचमध्ये. पौर्णिमेला तर भरती बाराच्या आसपास, ऐन दुपारी किल्ला पाण्यात. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी भर दुपारी बाराला. मी म्हणालो, “मग अष्टमी झकास!” काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुन्हा चौथीत गेलो. “अष्टमी-नवमीला भांग असतो. पाणी चढत नाही तसं उतरतही नाही. ओहोटी वेळेवर येईल, पण गुडघाभर पाणी ठेवून.” पौर्णिमा-अमावस्येला उधाण, तेव्हा वाळू सुकी पडते, पण सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. समुद्र सोयीची वेळ देतो तेव्हा पाणी देतो, आणि वाळू देतो तेव्हा वेळ देत नाही.

शेवटी ठरली एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे ओहोटी अडीचच्या सुमारास. रविवारही जुळत होता. शिवाय काका हळूच म्हणाले, “उपास असतो. साबुदाण्याची खिचडी घरून डब्यात. जेवणाचा पाऊण तास वाचला.” त्या पाऊण तासासाठी आम्हा सहा जणांना अचानक विठ्ठलभक्ती जडली.

मग वही निघाली. काकांची वही उलटी लिहिली जाते, खालून वर. सगळ्यात खाली मांडव्याची शेवटची लाँच, आणि तिच्यावर लाल रेघ. “शेवटची ही आपली नव्हेच,” हे दुसरं ब्रह्मवाक्य. “शेवटची म्हणजे विमा. तिच्यावर जगायचं नसतं.” रविवारी संध्याकाळी सगळी मुंबई त्याच एका लाँचला लोंबकळायला येते. म्हणून आपली लाँच शेवटच्या आधीची, पाचची. तिच्या आधी धक्क्यावर रांग, अर्धा तास. तिच्या आधी बस, पाऊण तास. म्हणजे अलिबागच्या बसमध्ये पावणेचारला बसलेलं पाहिजे. आणि पावणेचारच्या वर एक नोंद, जी दुसऱ्या कुणाच्याही वेळापत्रकात मी पाहिलेली नाही : ‘पायाची वाळू : १० मि.’ तिच्या वर, ‘काकू, शहाळं : १० मि.’ तिच्या वर नुसतंच, ‘कुणाला तरी लागेल : १० मि.’

“सहा माणसांत एकाला लागतेच,” काका म्हणाले. “कोण, हे आधी कळत नाही, एवढंच.”

अशी वजाबाकी करत ते दिवसाच्या माथ्यावर पोचले तेव्हा किल्ल्याच्या वाट्याला सव्वाएक ते पावणेतीन आले. जायला-यायला वीस-वीस मिनिटं धरली, तर आत अवघी पन्नास. सकाळचे दहा ते एक मात्र मोकळे, पण तेव्हा किल्ल्याभोवती पाणी. तेवढ्यात गावातली कान्होजी आंग्र्यांची समाधी. काकांचा नेहमीचा नियम इथे समुद्रानेच मोडला : लांबचं आधी, स्टँडजवळचं शेवटी. उशीर झालाच तर माणूस निदान स्टँडजवळ असतो.

किनाऱ्यावर मात्र टांगेवाल्याने गणितात पाय घातला. “काका, पाणी पूर्ण सुकणार नाही आज. भांग अजून उतरलेला नाय.” काकांनी वही पाहिली, समुद्र पाहिला, पुन्हा वही पाहिली. एकादशी भांगाच्या इतकी जवळ असल्याचं त्यांना माहीत नव्हतं असं नाही. खिचडीपुढे त्यांनी ते जरा सैल सोडलं होतं. शेवटी दोन टांगे केले. टांग्यात बसताना मला वाटलं ते खट्टू असतील. पण घोड्याच्या पोटाशी पाणी उडायला लागलं तसे ते खुलले. “वीसऐवजी आठ मिनिटं! बारा वाचली!”

किल्ल्यात शिरताना ते शांत असतात असं नाही, पण भरभर बोलतात. १६८० साली शिवाजी महाराजांनी काम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं, मग आंग्र्यांचं हे मुख्य ठाणं. तटाचे दगड एकावर एक नुसते रचलेत, मध्ये चुना नाही. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. हे सगळं ते चालता चालता सांगतात आणि ऐकणाऱ्यालाही चालावं लागतं. थांबलं की माहिती बंद. गणपतीला आठ मिनिटं, गोड्या पाण्याच्या तळ्याला पाच, चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफांना सात. माझ्या मुलाने तोफेच्या तोंडात डोकं घातलं तेव्हा काका त्याच्यावर ओरडले नाहीत, घड्याळाकडे पाहून म्हणाले, “दीड मिनिट आहे तुला.”

उत्तरेला किल्ल्याला जोडलेला छोटा कोट आहे, सर्जेकोट. त्याच्याकडे हात करून काकांनी तिसरं ब्रह्मवाक्य उच्चारलं, “ते पुढच्या वेळी.” काकांचा निम्मा महाराष्ट्र पुढच्या वेळी आहे. अजिंठ्याची सव्वीस नंबरची लेणी पुढच्या वेळी, रायगडावरचं टकमक टोक पुढच्या वेळी. सर्जेकोट याआधी तीनदा पुढच्या वेळी होता.

दोन चाळीसला दरवाज्याशी मोजणी झाली. पाच. पुन्हा मोजलं. पाच. काकू नव्हत्या.

काका ओरडले नाहीत. दरवाज्यातून एकदा टांग्याकडे, एकदा पाण्याकडे पाहिलं. पाणी खरं तर अजून चढायला लागलंच नव्हतं, चिंतेचं कारण नव्हतं, पण काकांना ते चढताना दिसू लागलं असावं. माझा मुलगा म्हणाला, “आजोबा, आजी तिकडे गेली.” आणि बोट उत्तरेला.

काकू आल्या दोन बावन्नला. पदर खोचलेला, चपला हातात, केस वाऱ्याने विस्कटलेले. काकांनी घड्याळ पुढे धरलं.

“अहो, ती शहाळ्याची दहा मिनिटं होती ना माझी,” काकू म्हणाल्या, “तीच वापरली. शहाळं नको मला.”

“आणि वरची दोन?”

“घोड्याने वाचवलेल्या बारांतली घ्या.”

हिशेब बरोबर होता. काका काही बोलले नाहीत. टांग्यात नाही, पाय धुताना नाही. पावणेचारच्या बसमध्ये आम्ही साडेतीनलाच बसलो होतो. खिडकीची जागा काकांनी काकूंना दिली. बस निघाली तशी त्यांनी वही काढली. मला वाटलं लाँचची वेळ तपासताहेत. डोकावून पाहिलं तर कुलाबा किल्ल्याच्या पानावर, तोफा आणि दरवाजा यांच्या मधल्या जागेत, ते बारीक अक्षरांत लिहीत होते :

‘सर्जेकोट : १८ मि. (सौ. एकटी). दोघे : २५ मि.’