आधी निकाल, मग चौकशी

‘सिद्ध झाले आहे’ हे तीन शब्द आरोपपत्रात पडले, की चौकशी सुरू होण्याआधीच संपते. तरीही कारखान्याकारखान्यांतून अशी आरोपपत्रे रोज निघतात. साहेब चिडलेले असतात, मजकूर घाईने टाइप होतो, सही होते आणि मग चार-पाच वर्षांनी कामगार न्यायालयात ‘चौकशी न्याय्य नव्हती’ असा निष्कर्ष आला, की कायद्याच्या नावाने बोटे मोडली जातात. दोष कायद्याचा नाही. तो त्या पहिल्या कागदाचा आहे.

एक उदाहरण घेऊ. एका कारखान्यातला स्टोअरमधला कामगार दुसरी पाळी संपवून घरी निघाला. गेटवर तपासणी झाली आणि त्याच्या स्कूटरच्या डिकीत सहा किलो तांब्याची तार सापडली. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात पत्र पडते : ‘आपण वारंवार कंपनीच्या हिताविरुद्ध वागत आहात. आपण चोरी केल्याचे सिद्ध झाले आहे. तरी आपणास कामावरून का काढू नये, याचा 24 तासांत खुलासा करावा.’

या तीन ओळींत काय नाही ते पाहा. तारीख नाही, वेळ नाही, जागा नाही, कोणती वस्तू तेही नाही. ‘वारंवार’ म्हणजे कधी कधी, हे कामगाराने ओळखायचे. आणि जे आहे ते त्याहून घातक आहे : गुन्हा ठरलेला आहे, शिक्षाही ठरलेली आहे. ओरिक्स फिशरीजच्या खटल्यात 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. नोटिशीतच दोष निश्चित करून टाकला, तर पुढची सुनावणी हा निव्वळ उपचार उरतो, आणि अशा उपचाराला न्याय म्हणत नाहीत.

आता तेच आरोपपत्र नीट लिहू. ‘12 जून रोजी दुसऱ्या पाळीनंतर रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी मुख्य गेटवर झालेल्या तपासणीत आपल्या स्कूटरच्या डिकीत अंदाजे 6 किलो तांब्याची तार आढळली. ही तार कंपनीच्या मालकीची असून ती बाहेर नेण्यासाठी आपल्याकडे गेट पास नव्हता, असा आपणावर आरोप आहे. हे कृत्य सिद्ध झाल्यास ते स्थायी आदेशांनुसार गैरवर्तन ठरते.’ खाली स्थायी आदेशांतले नेमके कलम, सोबत गेट रजिस्टरच्या पानाची आणि पंचनाम्याची प्रत, साक्षीदारांची यादी आणि उत्तराला पुरेसे दिवस. यात शिक्षेचा उल्लेख नाही, विशेषणे नाहीत. ‘आरोप आहे’ आणि ‘सिद्ध झाल्यास’ एवढ्याने दार उघडे राहते.

कलम लिहायचे ते शोभेसाठी नाही. स्थायी आदेशांच्या यादीत नसलेल्या वागण्याला मालकाने मागाहून गैरवर्तन म्हणू नये, हे ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या 1983 च्या निकालाने पक्के केले आहे. ‘वारंवार’चेही तसेच. मागच्या शिक्षांचा हिशेब शिक्षा ठरवताना धरायचा असेल, तर तसे कामगाराला तारखांनिशी आधी सांगावे लागते.

आरोपपत्र चांगले असले तरी दुसरी चूक चौकशीच्या पहिल्याच दिवशी होते. चौकशी अधिकारी समोर बसलेल्या कामगारालाच विचारतो, ‘बोल, तार कुठून आणलीस?’ इथे क्रम उलटा झाला. आरोप व्यवस्थापनाचा आहे, म्हणून पुरावा आधी व्यवस्थापनाने द्यायचा. त्याचे साक्षीदार आधी, कामगाराच्या देखत. त्यांची उलटतपासणी कामगाराने किंवा त्याच्या बचाव प्रतिनिधीने करायची. मग कामगाराचा स्वतःचा जबाब आणि त्याचे साक्षीदार. असोसिएटेड सिमेंटच्या जुन्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच उलट्या क्रमावर बोट ठेवले होते. तिथे ज्यांनी घटना पाहिली, तेच चौकशी करत होते, हाही आक्षेप होता. आपल्या उदाहरणात सुरक्षा अधिकारी साक्षीदार आहे. त्यालाच चौकशी अधिकारी नेमले, तर चौकशी तिथेच कोसळते.

तिसरी चूक कागदावरच्या भाबड्या विश्वासाची. सुरक्षारक्षकाचा लेखी जबाब फाइलला लावला आणि ‘पुरावा दाखल’ असे रोजनाम्यात लिहिले, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. पंजाब नॅशनल बँकेविरुद्ध रूपसिंग नेगी या खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कागद नुसता हजर करून भागत नाही, तो कोणी तरी साक्ष देऊन शाबीत करावा लागतो. म्हणजे रक्षकाने यायचे, आपली सही ओळखायची आणि प्रश्नांना तोंड द्यायचे.

ते प्रश्नच चौकशीचा खरा प्राण आहेत. डिकी कोणी उघडली? किल्ली कोणाकडे होती? तार कोणत्या काट्यावर तोलली? पंच त्या वेळी हजर होते, की सही सकाळी घेतली? आणि सर्वांत महत्त्वाचा : त्या दिवशी स्टोअरच्या साठ्यात सहा किलोंची तूट निघाली का? नसेल, तर ही तार कंपनीचीच, हे कशावरून? रक्षक अडखळला की अनेक चौकशी अधिकारी स्वतः पुढे सरसावतात आणि उत्तर त्याच्या तोंडात घालतात. खुलासा म्हणून एखादा प्रश्न विचारायला हरकत नाही. पण पडणारी बाजू सावरणे हे सादरकर्ता अधिकाऱ्याचे काम आहे. चौकशी अधिकाऱ्याने ते केले, की तो पक्षकार झाला.

याचा अर्थ खातेनिहाय चौकशी हा फौजदारी खटला आहे, असा नाही. इथे संशयातीत पुरावा लागत नाही. गोष्ट घडली असण्याची शक्यता अधिक आहे, एवढे पुरते. हरियाणातल्या रतनसिंग या बस कंडक्टरच्या खटल्यात 1977 साली न्यायालयाने प्रवाशांना साक्षीला आणले नाही म्हणून चौकशी रद्द करायला नकार दिला, कारण तपासणी पथकाच्या निरीक्षकाची साक्ष होती. कायदा मालकाकडे फार मागत नाही. म्हणूनच तेवढेही न करणाऱ्यांची मला चीड येते.

शेवटी अहवाल. ‘साक्षीपुराव्यावरून आरोप सिद्ध होतो’ हे एक वाक्य म्हणजे अहवाल नव्हे. रक्षकाची साक्ष का पटली, कामगाराचे म्हणणे का पटले नाही, साठ्याच्या तुटीबद्दल काय आढळले, हे लिहावे लागते. मग त्याची प्रत कामगाराला द्यायची, त्याचे म्हणणे ऐकायचे आणि त्यानंतरच शिक्षेचा विचार.

हे सगळे फक्त कामगाराच्या भल्याचे आहे, असे समजणारे मालक स्वतःचेच नुकसान करतात. चौकशी सदोष ठरली, तर न्यायालयात पुन्हा पुरावा देण्याची मुभा मागता येते. पण तोवर सुरक्षा एजन्सी बदललेली असते, रक्षक गावी गेलेला असतो आणि गेट रजिस्टर सापडत नाही. खरोखर तार चोरणारा मागील पगारासह कामावर परततो. आणि न चोरणारा असेल, तर त्याची ती वर्षे ‘चोर’ या शिक्क्याखाली गेलेली असतात. ती कोणत्याही आदेशाने भरून येत नाहीत.

म्हणून सही करण्याआधी आरोपपत्र दुसऱ्या खात्यातल्या, प्रकरण माहीत नसलेल्या माणसाला वाचायला द्या. काय घडल्याचा आरोप आहे, कधी आणि कुठे, हे त्याला सांगता आले पाहिजे. आणि कामगार दोषी आहे का, असे विचारल्यावर ‘ते यावरून कळत नाही’ असेच त्याचे उत्तर आले पाहिजे. तसे आले नाही, तर कागद फाडा आणि नव्याने लिहा.