वॉर्डनकाका

कुठल्याही मोठ्या कचेरीत एक गृहस्थ असे असतात की वर्षभर ते कुणाच्या खिजगणतीत नसतात, आणि एका दिवशी ते थेट मॅनेजरसाहेबांना शिट्टी वाजवून जिन्याकडे पिटाळतात. एरवी लेखाविभागात व्हाउचरं लावत बसलेल्या या माणसाच्या अंगात एप्रिल उजाडला की फ्लोअर वॉर्डन संचारतो. आमच्या सातव्या मजल्यावर त्यांना वॉर्डनकाका म्हणतात.

महिना एप्रिलच का, हे त्यांना विचारू नये. विचारलंत तर १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीवर स्फोट कसा झाला आणि ती आग विझवताना अग्निशमन दलाचे जवान कसे गेले, हे ऐकल्याशिवाय सुटका नाही. त्यांच्याच स्मरणार्थ हा अग्निशमन सप्ताह असतो. एवढं सांगून काका चष्मा पुसतात, आणि ऐकणाऱ्यालाही मोबाइल खिशात टाकावासा वाटतो.

मग नोटीस लागते. ‘गुरुवारी सकाळी ११ वाजता अग्निसराव. घंटा होताच जवळच्या जिन्याने खाली उतरावे. जमण्याचे ठिकाण : इमारतीमागचे दुचाकी पार्किंग, हिरव्या पाटीखाली. बरोबर काहीही घेऊ नये.’ खाली लाल पेनाने, ‘डबासुद्धा!’ ही नोटीस काका लिफ्टच्या दारावरच चिकटवतात. ‘आग लागल्यास लिफ्ट वापरू नये’ हे वाक्य वाचत वाचत लोक लिफ्टमध्ये शिरतात.

वेळ आधी जाहीर करायला काकांचा विरोध होता. पण साहेबांचा क्लायंटशी कॉल असतो, त्यामुळे आगीनेही अपॉइंटमेंट घेऊन यावं अशी वरची इच्छा. परिणाम ठरलेला. दहा पंचावन्नला लिफ्टपुढे ही गर्दी! सात मजले उतरण्यापेक्षा आधीच खाली जाऊन ‘वाचलेलं’ बरं, असा हिशेब. म्हणून काका पावणेअकरालाच हिरवं जाकीट आणि लाल टोपी चढवून लिफ्टच्या दाराशी उभे. “लिफ्टच्या खड्ड्यातून धूर वर चढतो. वीज गेली की मध्ये अडकाल, नाहीतर नेमकं आगीच्या मजल्यावर दार उघडेल,” असं ते म्हणतात, तेव्हा लिफ्टमधले लोक नजर चुकवून बटण दाबतात.

त्यांचं खरं वैर मात्र वेगळ्याच गोष्टीशी आहे. जिन्याचं जाड दार आपोआप बंद व्हावं म्हणून वर स्प्रिंग असते. पण पँट्रीतल्या पोराला चहाचा ट्रे घेऊन जाताना ते ढकलायचा कंटाळा, म्हणून दाराला टेकण लागतं, आणि ते टेकण म्हणजे आग विझवायचा लाल सिलिंडर! धूर अडवायचं दार आणि आग विझवायचं नळकांडं, दोन्ही एका फटक्यात निकामी. काका रोज सकाळी सिलिंडर भिंतीवरच्या हुकाला लावतात. दुपारच्या चहापर्यंत तो पुन्हा दाराशी हजर.

घंटा झाली की काका इतरांच्या उलट दिशेने निघतात. मीटिंगच्या खोल्या, पँट्री, दोन्ही स्वच्छतागृहं. दारावर थाप, “कोण आहे आत?” अशी हाक, खोली रिकामी दिसली की दार ओढून घ्यायचं, पण कुलूप लावायचं नाही. ज्यांना जिना उतरवत नाही, त्यांच्याबरोबर कुणी थांबायचं ते आधीच ठरलेलं. सगळ्यांत शेवटी काका खाली येतात, धापा टाकत, पण चेहऱ्यावर समाधान.

हे समाधान पार्किंगमध्ये हजेरी घेईपर्यंत टिकतं. त्या दिवशी सातव्या मजल्यावर ४६ नावं आणि पाटीखाली ४३ माणसं. दोघं पुढच्या गेटावरच्या टपरीवर कटिंग पीत होते. पुढचं गेट अग्निशमनच्या गाडीसाठी मोकळं ठेवायचं असतं, शिवाय वरच्या काचा फुटल्या तर तिथेच पडणार, म्हणून तर जमायची जागा मागे. पण हे दोघं म्हणाले, “काका, आम्ही तर सगळ्यांच्या आधी बाहेर होतो!”

“होतात ना,” काका म्हणाले. “पण माझ्या कागदावर तुम्ही आत आहात. तुमच्या कटिंगपायी कुणीतरी जवान नळकांडं पाठीवर घेऊन सात मजले चढेल.”

दोघांनी पेले खाली ठेवले.

तिसरा माणूस वर शोधायला जायला एक उत्साही तरुण निघाला, त्याला काकांनी शिट्टी मारून थांबवलं. परत आत जायचं नाही, वॉर्डननेसुद्धा नाही. कोण कमी आहे आणि शेवटचं कुठे दिसलं, एवढंच मुख्य वॉर्डनला सांगायचं. काकांनी कागदावर लिहिलं : ‘एक कमी. लहान मीटिंगची खोली. कानात हेडफोन.’

खोली काकांनीच तपासली होती, मग माणूस सुटला कसा? खोलीच्या काचेला दिवाळीपासून रंगीत कागद चिकटवलेला, आणि दार आतून लावून साहेबांचा क्लायंट कॉल चालू होता. साहेबच कमी होते.

वीस मिनिटांनी साहेब लिफ्टने खाली आले. “काय, झालं का ड्रिल?” त्यांनी हसत विचारलं.

“झालं,” काका म्हणाले. “आपण वारलात. इथे सही करा.”