खाऱ्या नैवेद्याच्या दिवशी

माझ्याकडे पाहून कुणालाही वाटतं की हा गडी अर्धा किलो मटण एकट्यानं संपवत असणार आणि वर नळी फोडून चोखत असणार. देहच तसा आहे. शिवाय मिशी. ही मिशी मला वडिलांकडून वारशात मिळाली. जमीन भावाकडे गेली. प्रत्यक्षात मी मटण खात नाही आणि दारू पीत नाही. शाकाहारी माणूस किडकिडीत, मऊ बोलणारा आणि शक्यतो चष्मेवाला असावा अशी लोकांची अपेक्षा असते. मी ती पूर्ण करत नाही, म्हणून मला कोणी नकार देऊ देत नाही.

हे सगळं ठाऊक असूनही मी कोल्हापूरच्या मित्राच्या गावजत्रेला गेलो. पन्हाळ्याच्या बाजूचं गाव. मित्र म्हणाला होता, "शनिवारी ये, आमच्याकडं जत्रेचं जेवण असतंय." मी पुरणपोळी डोळ्यांसमोर आणून एस.टी.त बसलो. जत्रेला दोन नैवेद्य असतात, आदल्या दिवशी गोडा आणि दुसऱ्या दिवशी खारा, हे त्यानं सांगितलं नाही, कारण कोल्हापूरच्या माणसाला हे सांगावं लागतं असं वाटतच नाही. गोडा शुक्रवारी होऊन गेला होता.

सकाळी पोहोचलो. अंबाबाईचं दर्शन घेतलं, रांग लांब होती. रंकाळा पाहिला, पाणी होतं. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानापाशी रिक्षावाल्यानं मला आरशातून न्याहाळलं आणि विचारलं, "कुठल्या तालमीचं?" मी म्हटलं, "बँकेत असतो." त्यानं भाडं वाढवलं.

संध्याकाळी गोठ्यामागं सतरंजी अंथरली गेली आणि मला तिथं सन्मानानं नेण्यात आलं. मित्राचे काका, ज्यांना सगळे तात्या म्हणत, बाटलीचं बूच फिरवत म्हणाले, "पाव्हणं, किती घालू?" या प्रश्नात 'घालू का' हा पर्याय नव्हता.

नकाराची कारणं माझ्याकडे तयार असतात. त्यातली बहुतेक कुचकामी आहेत, हे इतक्या वर्षांत मला चांगलं समजलंय, तरी घाबरलो की मी पहिलं सापडेल ते बोलतो. मी म्हणालो, "गोळ्या चालू आहेत." सतरंजीवरचा एक पुतण्या औषधाच्या दुकानात कामाला होता. त्यानं विचारलं, "कुठल्या?" मी एक नाव सांगितलं. तो म्हणाला, "ती तर जंताची आहे." मग सतरंजीवर माझ्या जंतांची चर्चा सुरू झाली आणि जंतांवर दारूइतकं जालीम काही नाही असा ठराव झाला.

खोट्या कारणाचं हे असं असतं. कारण दिलं की समोरचा ते सोडवायला बसतो. 'गाडी चालवायची आहे' म्हणावं तर ड्रायव्हर हजर होतो. 'आज शनिवार' म्हणावं तर घड्याळ दाखवून सांगतात, बारा वाजल्यावर रविवार लागतोय, थांबतो की आम्ही. वार, संकष्टी, श्रावण ही सगळी तात्पुरती कारणं. ती दिली की पुढच्या तारखेचं आमंत्रण पदरात पडतं. महाराष्ट्रात कारण न सोडवता मान्य होतं ते एकच, गळ्यातली तुळशीची माळ. 'माळकरी हाय' म्हटलं की पुढे केलेला ग्लास आपोआप मागं जातो. पण मी वारकरी नाही, आणि एका पेगपासून वाचण्यासाठी पांडुरंगाला साक्षीला बोलावणं मला जमत नाही.

गंमत अशी की कायदा माझ्या बाजूनं आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा या राज्यात अजून लागू आहे, आणि त्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना लागतो. तो मिळतो प्रकृती जपण्यासाठी. म्हणजे सतरंजीवर खरं तर त्यांनी मला कागद दाखवायला हवे होते. हे मी तिथं बोललो नाही. मिशी असली तरी मी शूर नाही.

शेवटी मी म्हटलं, "तात्या, मी घेत नाही. मला सोडा द्या लिंबू पिळून, आणि बसतो तुमच्याबरोबर शेवटपर्यंत." आणि चमत्कार झाला. तात्यांनी खांदे उडवले, ग्लासात सोडा ओतला, मीठ चिमूटभर टाकलं, आणि विषय उसाच्या दरावर गेला. त्यांना माझ्या पोटात दारू नको होती, माझ्या हातात ग्लास हवा होता आणि मी उठून जाणार नाही याची खात्री हवी होती. ग्लास मी अर्ध्याच्या खाली जाऊ दिला नाही. रिकामा ग्लास दिसला की माणसं पुन्हा दयाळू होतात.

इथवर सगळं निभावलं होतं. पण पंगतीत माझ्या शेजारी पुण्याहून आलेला एक पाहुणा बसला.

तोही मित्राच्याच ओळखीचा. त्यानं नुकतंच दूधही सोडलं होतं आणि सोडल्याची हकीकत तो सोबत घेऊन हिंडत होता. पत्रावळ्या मांडल्या, वाढपी तांबड्या-पांढऱ्याच्या बादल्या घेऊन निघाले, आणि हा मोठ्यानं म्हणाला, "एक किलो मटणामागे किती पाणी खर्च होतं, माहिती आहे का तुम्हाला?" पंगतीत बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या शेतातली मोटर त्या आठवड्यात जळली होती. पाण्याचं गणित त्यांना तोंडपाठ होतं. तरी कोणी काही बोललं नाही. मग तो बोकडाच्या डोळ्यांबद्दल बोलला. बोकड घरचा होता. त्याचे डोळे त्या घरातल्या पोरांनी याच्यापेक्षा जास्त पाहिले होते.

पंगत गप्प झाली. मग वाढपी माझ्यापुढं आला. आता मी काहीही म्हटलं तरी तो त्याच भाषणाचा उत्तरार्ध ठरणार होता. मी नुसते दोन्ही हात पत्रावळीवर धरले. आपल्याकडच्या पंगतीत हात आडवे धरण्याचा 'थोडं वाढा' असाच अर्थ घेतात. अनुभवी वाढपी बोटांच्या फटीतून वाढतो. यानंही वाढलं. पांढरा रस्सा माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत उतरला, गरम होता.

"तुकडं नको तर नको, नुसता रस्सा घ्या की," पलीकडून कोणी म्हणालं, "पांढरा म्हंजे नारळाचं दूध नुसतं."

हे ऐकून नवखे शाकाहारी फसतात, म्हणून सांगून ठेवतो. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवतात, आणि त्याचं जे पाणी सुटतं त्याला अळणी म्हणतात. त्याच पाण्यात नारळाचं दूध आणि खसखस, तीळ, काजूचं वाटण घातलं की पांढरा, आणि तिखट चटणी-मसाल्याची फोडणी दिली की तांबडा. तुकडे काढले तरी बोकड रश्शातच असतो. पण हे मी त्या क्षणी कसं सांगणार? शेजारी बसलेला पाण्याचा हिशोब पुढे चालवत होता.

तेवढ्यात समोरच्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, "पाव्हणं, आडनाव काय म्हणला तुमचं?"

या प्रश्नाचा मला दर वेळी संताप येतो. सोड्यानं जे निभावतं ते मटणानं निभावत नाही. दारू नाकारली की तब्येत विचारतात, मटण नाकारलं की जात शोधतात. माझं आडनाव कोणत्याही खान्यात नीट बसत नाही, आमच्या घरी दर रविवारी मटण शिजायचं, आणि मी ते सोडलं तेव्हा सर्वांत जास्त माझी आईच रागावली होती. पण पत्रावळीवर 'मला नको' या दोन शब्दांचा अर्थ 'मी तुमच्यापेक्षा वरचा' असा लागतो, आणि तो लागायला शेकडो वर्षांचं कारण आहे. म्हाताऱ्याची त्यात काही चूक नव्हती. संताप आला तो आला.

"ह्यास्नी इकडं पाठवा," आतून आवाज आला. "माज्या चुलीवरचं जेवत्यात ते."

तात्यांची आई, सगळ्यांची आक्का. गळ्यात तुळशीची माळ. मागच्या पडवीत तिची वेगळी चूल होती, आणि त्यावर आमटी, भाकरी, खर्डा आणि दह्याचं मडकं. मी पाटावर बसलो आणि कोपर धुतलं. मग लक्षात आलं की पुढच्या मोठ्या चुलीवरचा मसाला सकाळपासून हीच वाटत होती. मी विचारलं, "आक्का, तुम्ही माळकरी, आणि मटणाचा मसाला तुम्हीच वाटता?"

"माळ मी घातलीया," ती म्हणाली, "पाट्या-वरवंट्यानं न्हाई."

मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथीला तिनं माझ्या मिशीकडं पाहून विचारलंच नाही, सरळ वाढली. मग म्हणाली, "नगं असंल तर पंगतीत सांगू ने. चूल पेटायच्या आदी बाईला सांगावं. एकदाच. पंगतीत सांगिटलं की वाढणाऱ्याचं हात हलकं पडत्यात." बाहेर पुण्याचा पाहुणा आता मधमाश्यांवर आला होता. आक्कानं एक भाकरी आणि आमटीची वाटी त्याच्यासाठी नातवाच्या हातून पाठवली. दही मुद्दाम वगळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी मला मोटारसायकलवर एस.टी.पर्यंत सोडलं. मागं कोणी नव्हतं, पुढं उसाचं रान. ते न वळता म्हणाले, "राग मानू नका, पन का घेत न्हाई तुमी?"

सतरंजीवर विचारलं असतं तर मी पुन्हा जंतांकडे वळलो असतो. मी म्हटलं, "आमच्या घरच्या वाटणीची वडील पिऊन गेले, तात्या."

तात्यांनी गाडी जरा सावकाश केली. थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "आन मटान?"

"ते सोडलं तेव्हा काहीतरी कारण होतं. आता कारण आठवत नाही, पण खावंसंही वाटत नाही."

"मग बरुबर हाय," ते म्हणाले. एवढंच. पन्हाळा डावीकडं होता, छान दिसत होता.

यंदा चैत्र लागताच त्यांचा फोन आला. "पाव्हणं, गोडा शुक्रवारी हाय. मुक्कामाला या. आन तुमच्या त्या पुण्याच्या दोस्ताला बी आना. आक्कानं त्याच्यासाठी बिनदुधाचा चा शिकून ठेवलाय, गूळ घालून." मग जरा थांबून, "फकस्त सांगा त्याला, भाषान सुरू केलं तर कप परत घ्यायचा असं ठरलंय."