वीक ऑफ नेमका कधी सुटतो?

नोकरभरतीच्या आमच्या धंद्यात मेसेज जितका मोघम तितके अर्ज जास्त, असा समज आहे आणि दुर्दैवाने तो खरा आहे. ‘पुण्यात इंटरनॅशनल व्हॉइस प्रोसेस. नाईट शिफ्ट. आकर्षक अलाउन्स, कॅबची सोय, शनिवारी वीक ऑफ. लगेच जॉइन व्हा.’ एवढं पाठवलं की दुपारपर्यंत फोन तापतो. पोरं पगार विचारतात, फार तर कँटीन विचारतात. यंदाच्या थंडीत मात्र एका मुलीऐवजी तिच्या वडिलांचा फोन आला. गृहस्थ एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. आयुष्यभर ड्युट्या लावलेला माणूस. अशा माणसाला मोघम मेसेज पाठवणं म्हणजे आयकर अधिकाऱ्याला चहाच्या पाकिटावर हिशेब लिहून देणं.

“ताई, हा अलाउन्स महिन्याचा की रात्रीचा?”

रात्रीचा, मी म्हटलं. रात्रीला दोनशे. आठवड्याला सहा रात्री, म्हणजे महिन्याच्या सव्वीस रात्री भरल्या तर पाच हजार दोनशे.

“आणि रजा घेतली तर?”

त्या रात्रीचे दोनशे गेले. पहिला महिना ट्रेनिंग, ते दिवसा. तेव्हा एक छदामही नाही. आणि हे पाच हजार दोनशे सीटीसीच्या आकड्यात आधीच धरलेले आहेत, वरचे नाहीत. हे शेवटचं वाक्य आमच्यातले लोक सहसा ऑफर लेटर हातात पडल्यावर, तेही खोकत बोलतात.

“म्हणजे आमच्या नाईट-आउटसारखंच,” काका समाधानाने म्हणाले. “गाडी मुक्कामाला गेली तर भत्ता. बरं, गाडी किती वाजता येते न्यायला?”

इथे मला पाण्याचा घोट घ्यावा लागला. कंपनीची कॅब रात्री आठ ते सकाळी सहा याच वेळेत धावते. लॉगइन किंवा लॉगआउट त्या वेळेत बसलं तर गाडी, नाहीतर आपापलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे थंडीत संध्याकाळचे साडेसात असतात. मार्चमध्ये ते लोक घड्याळं तासाने पुढे ढकलतात, मग आपले साडेसहा. म्हणजे गाडी आठला सुरू होणार आणि मुलगी बारा महिने आठच्या आत लॉगइन करणार. जाताना पीएमपी, येताना कॅब. मेसेजमध्ये याला ‘कॅबची सोय’ म्हणतात, आणि ते खोटंही नाही.

“येताना दारात सोडतात की चौकात?”

याचं उत्तर मात्र मी ताठ मानेने दिलं. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईमाणसाला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत सोडावं लागतं. चौकात, पेट्रोल पंपावर, ‘मॅडम, गाडी आत वळत नाही’ यातलं काही चालत नाही. शेवटी उतरणारी मुलगी असेल तर आमच्या या कंपनीत गाडीत गार्डही असतो.

“उत्तम. आता सुट्टी. शनिवार लिहिलंय.”

हो, शनिवार.

“शुक्रवारी साडेसातला ड्युटी लागली, ती शनिवारी पहाटे साडेचारला सुटली. मग हा शनिवार कुठला? पहाटेचा अर्धा संपलेला?”

मी सांगितलं, शनिवार म्हणजे शनिवार. त्यावर पलीकडून कागदाचा आवाज आला. काका रोस्टर आखत होते. पहाटे साडेचारला सुटून त्याच संध्याकाळी साडेसातला पुन्हा लावलं, तर मधे पंधरा तास उरतात. त्यातले आठ झोपेत, तासभर आंघोळ-जेवणात. कायद्यात साप्ताहिक सुट्टी सलग चोवीस तासांची आहे. आणि नव्या टीम लीडरला ‘शनिवार गेला ना तुझा’ म्हणून शनिवारी रात्री बोलवायचा मोह होतो, हे मी पाहिलेलं आहे. तेव्हा सुट्टी वाराने मोजायची नाही. शेवटच्या लॉगआउटपासून पुढच्या लॉगइनपर्यंत मोजायची. शनिवारी पहाटे साडेचारला सुटली, रविवारी संध्याकाळी साडेसातला लागली. एकोणचाळीस तास. “आता झाली सुट्टी,” काका म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी मेसेज नव्याने लिहिला: ‘शिफ्ट संध्याकाळी ७.३० ते पहाटे ४.३०, मार्च ते नोव्हेंबर एक तास आधी. भत्ता हजर रात्रीला २०० रुपये, सीटीसीमध्ये धरून, ट्रेनिंगमध्ये नाही. पिकअप नाही, ड्रॉप दारापर्यंत. सुट्टी शनिवारची रात्र. पुढचा लॉगइन रविवारी संध्याकाळी.’ आमचे साहेब म्हणाले, ही जाहिरात आहे की पंचनामा? अर्ज निम्मेच आले. पण आलेले पहिल्या आठवड्यात पळाले नाहीत, त्यामुळे साहेब गप्प आहेत.

मुलगी रुजू झाली. महिन्याभराने काकांचा पुन्हा फोन.

“ताई, तुमच्या त्या ट्रान्सपोर्ट डेस्कवर जागा निघते का हो? काल चार मुली एका दिशेच्या आणि गाड्या दोन सोडल्या. रात्रपाळीची मला सवय आहे, भत्ता रात्रीचाच द्या. फक्त वीक ऑफ मी स्वतः लावेन.”